परफ्युम काउंटरवर कोणाचं ऐकायचं?

मी दोन वर्षं परफ्युम काउंटरवर काम केलंय, त्यामुळे पहिल्यांदाच घ्यायला जाणाऱ्यांना थोडं सांगते. समोर उभी असलेली व्यक्ती बऱ्याचदा दुकानाची नसतेच, एखाद्या ब्रँडने बसवलेली असते आणि तिचं टार्गेट त्याच ब्रँडचं असतं. म्हणून आधी सरळ विचारा, "तुम्ही दुकानाचे का एका ब्रँडचे?" यात कोणाला राग येत नाही. ब्रँडची असली म्हणजे ती खोटंच बोलेल असं नाही, पण ती दुसरी बाटली का दाखवत नाहीये ते तरी कळतं.

खरी गडबड वेळेची असते. लिंबू-संत्र्याच्या जातीचे वास सगळ्यात आधी उडतात, पंधरा-वीस मिनिटांत बराचसा खेळ संपतो, आणि विक्री नेमकी त्याच वेळात होते. एक ताई कागदी पट्टीवर फ्रेश वास घेऊन खूश झाल्या, मी म्हटलं दिवसभर असाच राहतो, त्यांनी लगेच घेतला. दुसऱ्या दिवशी परत आल्या, म्हणाल्या दुपारनंतर नुसता गोड, जड वास उरतो, डोकं दुखतं. बाटली उघडलेली, परत घेता येईना. माझं चुकलंच होतं, चार तासांनी काय उरतं हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

म्हणून हाच प्रश्न विचारा, "चार तासांनी याचा वास कसा होतो?" ज्याला माहितीये तो सांगेल, आधीचं लिंबू जातं, मग लाकडासारखा कोरडा राहतो किंवा व्हॅनिलासारखा गोडसर होतो. ज्याला फक्त विकायचंय तो म्हणेल चोवीस तास टिकतो, सगळ्यांना आवडतो, शेवटचा पीस आहे.

दुसरा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो, "मला गोड वास चालत नाही, मग यातलं काय घेऊ नको?" जो एखादी बाटली बाजूला करतो, त्याचं पुढचंही ऐका, आणि जो म्हणतो सगळेच तुम्हाला सूट होतील त्याचं सोडा.

मग एक मनगटावर, फार तर दुसरा दुसऱ्या हातावर मारून घ्या आणि "संध्याकाळपर्यंत बघते" म्हणून निघा. जास्त मारले की नाक थकतं, कॉफीच्या बिया हुंगून फारसा फरक पडत नाही, बाहेर जाऊन मोकळी हवा घ्या. निघताना छोटा सॅम्पल मिळेल का आणि उघडलेली बाटली परत होते का, तेवढंही विचारून ठेवा. आणि निघते म्हटल्यावर चेहरा बघा, काही जण म्हणतात हो नक्की, उद्या या, आणि काही जण तिथेच ऑफर वाढवायला लागतात. मी तरी त्या पहिल्याकडेच परत जाते.