लेबल काढण्याआधी, अभिप्राय लिहिण्याआधी

ऑनलाइन मागवलेला कुर्ता दारात आला की रामबागेतल्या आमच्या घरी पहिलं काम ठरलेलं: पाकीट फोडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ, त्यात पत्त्याचा कागद दिसलाच पाहिजे. लेबल, पिशवी, जादा बटणाची पुडी एका ताटलीत. परतीची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण दिवस बहुतेकदा माल हाती पडल्यापासून मोजतात, तुम्ही तो उघडल्यापासून नाही.

रंग रात्री बघूच नका. ट्यूबलाइटखाली मोहरी रंग लिंबासारखा दिसतो. सकाळी खिडकीशी कुर्त्याजवळ पांढरा कागद ठेवा, मोबाइलचा पिवळसर नाइट मोड बंद करा, मग विक्रेत्याचा फोटो शेजारी धरा. घरात दुसरा फोन असेल तर त्यावरही पाहा. दोन्हींत फरक दिसला तर दोष कुर्त्याचा नसेलही.

कापडाला मात्र वेळ द्या. क्लॉथ मार्केटात दुकानदारासमोर आपण पदर चुरगाळून बघतो, इथे ती सोय नाही. माझ्या कुर्त्यावर ‘प्युअर कॉटन’ लिहिलं होतं. आतल्या शिवणीच्या मायेतून कापडाचा एकच धागा काढला (ओव्हरलॉकचा नको, तो बऱ्याचदा पॉलिस्टरचा असतो) आणि अर्धा निरांजनावर धरला. कागद जळाल्यासारखा वास, मऊ राख. पॉलिस्टर असतं तर वितळून टणक मणी झाला असता. पण रेयॉनही कापसासारखंच जळतं! म्हणून उरलेल्या धाग्याचे दोन तुकडे केले, एक कोरडा ठेवला, एक भिजवला. ओला तुकडा हलक्या ओढीनेच तुटला. सुती धागा ओला झाला की उलट बळकट होतो. हा रेयॉन होता.

मापासाठी कुर्ता जमिनीवर सपाट पसरा आणि काखेपासून काखेपर्यंत मोजा. माझा साडेअठरा इंच भरला, म्हणजे घेर ३७. तक्त्यात एमला ३८ होतं. माझी छाती ३६, आणि वावरायला निदान दोन इंच सैल हवं. अभिप्रायात नुसतं ‘घट्ट’ लिहून दुसरीला काय कळणार? स्वतःचं माप आणि कुर्त्याचं माप, दोन्ही लिहा.

परतीला आलेल्या मुलाने लेबल आणि पिशवी तपासली, बटणाची पुडीही मागितली. पैसे बँकेत नाही, त्यांच्याच अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये आले, हेही लिहिलं.

जो कुर्ता ठेवणार, त्यावर धुण्याआधी उभ्या बाजूने दहा इंचांवर दोन टाचे घाला. वाळल्यावर अंतर साडेनऊ भरलं तर ४४ इंची कुर्ता दोन इंचांहून जास्त आखूड झाला. हा आकडा जुन्या अभिप्रायाखाली जोडा.