पोटॅशियम मूत्रपिंडात नेमकं कुठे ठरतं?

फिजिऑलॉजी शिकताना मी एक चूक बरेच दिवस धरून बसले होते: गाळणी मंदावली की पोटॅशियम साचतं, विषय संपला. नाशिकला वॉर्डात काम करताना निफाडकडून आलेल्या एका आजींनी ती खोडून काढली.

आजींचं हृदय कमजोर, म्हणून रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू. तीन दिवस जुलाब, गोळ्या तशाच सुरू, आणि अशक्तपणा जावा म्हणून सून प्रेमाने रोज दोन शहाळी पाजत होती. पोटॅशियम 6.7, धोकादायक जास्त. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटून आकडा खोटा वाढला असेल म्हणून रक्त पुन्हा पाठवलं, तेवढंच आलं. ईसीजीत टी लाटा उंच, टोकदार.

सरांनी विचारलं, "आजींची गाळणी जुलाबाआधी मिनिटाला 40 मिली होती. तेव्हा सगळं ठीक कसं होतं?" कागदावर हिशोब केला. दिवसाला साधारण 58 लिटर गाळलं जातं, लिटरमागे 4 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम धरलं तर 230. त्यातलं सुमारे 65 टक्के सुरुवातीच्या नलिकेत आणि 25 टक्के हेन्लेच्या लूपमध्ये परत शोषलं जातं. पुढे पोचतं जेमतेम 23. आजी रोज खातात 60-70. मग बाकीचं बाहेर कोण टाकतं?

ते काम नलिकेच्या शेवटच्या टप्प्यातल्या प्रिन्सिपल पेशी करतात. लघवीत जाणारं बहुतेक पोटॅशियम गाळून उरलेलं नसतं, या पेशींनी मुद्दाम बाहेर सोडलेलं असतं. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक या पेशींत शिरून केंद्रकातली जनुकं चालू करतं. त्यामुळे नलिकेकडच्या बाजूला सोडियमच्या वाटा वाढतात आणि रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप वाढतात. सोडियम आत ओढलं गेलं की नलिकेची पोकळी ऋण होते, आणि त्या ओढीने पोटॅशियम आपल्या चॅनलमधून बाहेर पडतं. याला तासभर तरी लागतो, कारण आधी प्रथिनं बनायला हवीत.

पण एकटं अल्डोस्टेरॉन पुरत नाही, तिथपर्यंत सोडियम आणि पाणी पोचावंही लागतं. जुलाबात शरीर कोरडं पडतं, तेव्हा सुरुवातीची नलिकाच बहुतेक सोडियम परत घेते. म्हणूनच निरोगी माणसात अल्डोस्टेरॉन भरपूर वाढूनही पोटॅशियम फार घसरत नाही. आजींचं दोन्ही बाजूंनी बिघडलं होतं. रॅमिप्रिलने अल्डोस्टेरॉन कमी केलेलं, उरलेल्याचा रिसेप्टर स्पायरोनोलॅक्टोनने अडवलेला, आणि प्रवाहही आटलेला. त्यात शहाळी: 200 मिलीत 10-12 मिलिइक्विव्हॅलंट.

आम्ही कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं. ते हृदयाला सावरतं, पोटॅशियम कमी करत नाही. इन्सुलिन आणि ग्लुकोजने पोटॅशियम काही तास पेशींत ढकललं, पण ते शरीरातच होतं. दोन्ही गोळ्या थांबवल्या आणि हृदयाकडे लक्ष ठेवून सलाइन जपून सुरू केलं. संध्याकाळी पोटॅशियम 5.6 होतं, मध्यरात्री पुन्हा 6.1, कारण इन्सुलिनचा परिणाम ओसरला आणि लघवी अजून थोडीच होत होती. पहाटे लघवी वाढली आणि त्यानंतरचा आकडा 5.2 आला. स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम मात्र गोळी थांबवल्यावरही दोन-तीन दिवस रेंगाळतो, म्हणून घरी सोडेपर्यंत पोटॅशियम रोज बघितलं.