झोपतानाची गोष्ट आधी मराठीत, मग सोप्या इंग्रजीत कशी सांगावी

साधारण चार ते सहा वर्षांच्या मुलाला रात्री सांगायची गोष्ट दोन्ही भाषांत सांगायची असेल, तर गोष्ट निवडतानाच इंग्रजीचा विचार करावा लागतो. राजा, राक्षस, शाप आणि सात समुद्र असलेली गोष्ट मराठीत रंगते, पण सोप्या इंग्रजीत आणायला गेलं की तिचा सांगाडाच उरतो. म्हणून पात्रं दोन, घटना एकच आणि ती तीनदा घडणारी, अशी गोष्ट घ्या. तीनदा येणारं एक वाक्य तिच्यात हवंच. पुढे मूल इंग्रजीत तोंड उघडेल ते बहुतेक त्याच वाक्यावर.

एक नमुना घेऊ. मराठी गोष्ट अशी:

एक होती मनी. इवलीशी, पांढरीशुभ्र. रात्र झाली, मनीला झोप आली. मनीने टुणकन उडी मारली आणि ती खुर्चीवर बसली. अंगाचं मुटकुळं केलं, डोळे मिटले. पण खुर्ची होती टणक! मनी म्हणाली, "इथे झोपू का? नाही बाई, इथे नको!" मग ती टेबलाखाली जाऊन बसली. तिथली फरशी होती गार गार. मनी म्हणाली, "इथे झोपू का? नाही बाई, इथे नको!" मग मनी हळूच टोपलीत शिरली. टोपली होती मऊ मऊ. आणि आत होतं कोण? आई! आईने मनीचं डोकं चाटलं. मनी म्हणाली, "इथे झोपू का?" आई म्हणाली, "झोप गं बाळा." आणि मनी झोपली.

पहिल्या दोन रात्री एवढंच, फक्त मराठीत. इंग्रजीची घाई नको. पुढे काय होणार हे मुलाला आधीच ठाऊक असलं, तरच अनोळखी शब्द ऐकताना ते गोष्टीला धरून राहतं. "टोपलीत कोण होतं?" हे मूल तुमच्या आधी सांगू लागलं, की गोष्ट पाठ झाली असं समजा.

तिसऱ्या रात्री मराठी गोष्ट पूर्ण संपवा, थोडं थांबा आणि "आता मनीची गोष्ट इंग्रजीत" म्हणून सुरू करा:

मनी इज अ लिटल कॅट. मनी इज स्लीपी. शी सिट्स ऑन द चेअर. द चेअर इज हार्ड. "कॅन आय स्लीप हिअर? नो, नॉट हिअर!" शी सिट्स अंडर द टेबल. द फ्लोअर इज कोल्ड. "कॅन आय स्लीप हिअर? नो, नॉट हिअर!" शी सिट्स इन द बास्केट. द बास्केट इज सॉफ्ट. मॉमी इज हिअर! "कॅन आय स्लीप हिअर?" "येस, मनी. स्लीप." अँड मनी स्लीप्स.

हे मराठीचं शब्दशः भाषांतर नाही, आणि नसावंच. टुणकन, मुटकुळं, इवलीशी हे शब्द मराठीतच राहू द्यावेत. त्यांना इंग्रजी शब्द शोधत बसलात तर वाक्य लांबतं आणि मूल भरकटतं. उडी, शिरणं, चाटणं अशी वेगवेगळी क्रियापदंही गाळली आहेत. मनी तिन्ही ठिकाणी नुसती 'सिट्स'. त्यामुळे प्रत्येक वेळी बदलतात ते फक्त ऑन, अंडर, इन आणि पुढची वस्तू. मराठीत 'वर', 'खाली', 'त' नामाच्या शेवटी चिकटतात. इंग्रजीत तो शब्द आधी येतो आणि वस्तू नंतर. हा क्रम मुलाला समजावून सांगायची गरज नाही. एकाच साच्यातली तीन वाक्यं रोज कानावर पडली की तो बसतो.

काळाचंही तसंच. मराठीत आपण 'बसली, गेली, म्हणाली' असं भूतकाळात सांगतो. इंग्रजीत मात्र इथे वर्तमानकाळच बरा. भूतकाळात 'सिट'चं 'सॅट', 'गो'चं 'वेंट', 'स्लीप'चं 'स्लेप्ट' होतं आणि मूळ शब्द ओळखू येण्याआधीच त्याचं रूप पालटतं. पण एकदा वर्तमानकाळ धरला की शेवटपर्यंत तोच ठेवा.

सांगणाऱ्याच्या दोन चुका हमखास होतात. एक लिंगाची. खुर्ची मराठीत 'ती', म्हणून ओघात "शी इज हार्ड" निघून जातं. वस्तूसाठी सर्वनाम न वापरता दर वेळी वस्तूचं नावच घेतलं, तर हा प्रश्न उरत नाही. दुसरी चूक ऱ्हस्व-दीर्घाची. 'स्लीप' लांबवून म्हणा. ऱ्हस्व 'स्लिप' झालं तर मनी झोपायच्या ऐवजी घसरेल. 'सिट्स' मात्र आखूड. 'सीट्स' म्हणजे बसायच्या जागा. गोष्टीत हेच दोन शब्द सतत येतात, म्हणून आदल्या दिवशी मोठ्याने चार वेळा म्हणून पाहा.

अर्थ पोचवायला आवाज आणि हात पुरतात. अंधारात चित्रं दिसत नाहीत, तेव्हा खुणा अंगावरच करा: 'ऑन' म्हणताना तुमचा तळहात मुलाच्या हातावर, 'अंडर' म्हणताना त्याच्या हाताखाली, 'इन' म्हणताना त्याच्या बंद मुठीत तुमचं बोट. 'हार्ड' म्हणताना पलंगाच्या लाकडावर हळूच टकटक, 'सॉफ्ट'ला उशीवर थोपटणं. याच खुणा आदल्या दोन रात्री मराठी सांगतानाही केल्या असतील, तर इंग्रजी शब्द आपोआप त्यांना चिकटतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते एक वाक्य मराठी, एक वाक्य इंग्रजी असं सांगितल्याने. मुलाला कळतं की पुढच्या क्षणी मराठी येणारच आहे, मग ते इंग्रजी कानाआड करतं. इंग्रजी वाक्य संपताच मूल तुमच्या तोंडाकडे बघत थांबत असेल, तर हेच झालंय असं समजा. एखादा शब्द अडलाच तर तेवढा मराठीत सांगा आणि पुढे चला. दुसरा बिघाड परीक्षेचा: "हार्ड म्हणजे काय? सांग बरं." झोपेच्या वेळी हा प्रश्न विचारला की डोळे टक्क उघडतात. उत्तर येतं ते गोष्टीचं नव्हे, तुमच्या प्रश्नाचं.

त्याऐवजी पाचव्या-सहाव्या रात्रीपासून "नो, नॉट..." म्हणून दोन-तीन सेकंद थांबा. मूल 'हिअर' म्हणालं तर उत्तम. म्हणालं नाही, तर तुम्हीच 'हिअर' म्हणा, त्यावर काही बोलू नका. "मनी चेअर ऑन सिट्स" असं उलटंसुलटं आलं, तर 'चूक' हा शब्द न काढता "येस, शी सिट्स ऑन द चेअर" एवढंच म्हणा आणि गोष्ट चालू ठेवा. मुलाने मराठीत उत्तर दिलं तरी ते बरोबरच आहे. त्याला कळलं, याचाच तो पुरावा.

मूल ते वाक्य स्वतःहून म्हणू लागलं की एकच गोष्ट बदला. खुर्चीच्या जागी बेड आणा, किंवा मनीच्या जागी कुत्र्याचं पिल्लू; साचा तोच. दोन्ही एकदम बदललंत तर नवी गोष्टच सुरू होते आणि पुन्हा दोन रात्री मराठीच्या द्याव्या लागतात. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल, तर इंग्रजी गोष्ट सोडाच, मराठी गोष्टीत फक्त "नो, नॉट हिअर!" तेवढं इंग्रजीत म्हणा. आणि इंग्रजी सुरू होताच कूस बदलून "मराठीतच सांग" आलं, तर त्या रात्री मराठीतच सांगा.