अ‍ॅडमिननं मेसेज उडवला, पण कुठून कुठून?

इंदूरला सुदामा नगरातल्या आमच्या गणेशोत्सवाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मी अ‍ॅडमिन. गेल्या वर्षी रात्री साडेदहाला एका काकांनी वर्गणी राहिलेल्या घरांची यादी टाकली. नाव, घर नंबर, मोबाइल नंबर, सगळं. हेतू वसुलीचा होता, पण यादीत एक आजारी आजोबाही होते आणि त्यांची सून त्याच ग्रुपमध्ये होती. मेसेज काढणं भाग होतं.

काढायची रीत सोपी आहे. अँड्रॉइडवर मेसेज बोटानं दाबून धरा, वर कचरापेटीचं चिन्ह येतं, त्यावर टिचकी मारा आणि `Delete for everyone` निवडा. आयफोनवर मेसेज दाबून धरला की मेनूत `Delete` सापडतं, पुढे तेच. खाली `Delete for me` असतं, त्यावर बोट गेलं तर मेसेज फक्त तुमच्या फोनवरून जातो आणि बाकीचे वाचत बसतात. घाईत ही चूक हमखास होते. लगेच लक्षात आलं तर काही सेकंद `Undo` दिसतं, तेवढ्यात परत आणा. `Delete for everyone`ला मात्र परतीची वाट नाही. म्हणून पोलिसांत किंवा कमिटीपुढे जाण्यासारखा मजकूर असेल तर आधी तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या, मग काढा.

वेळेची मर्यादा साधारण दोन दिवसांची आहे. शनिवारी रात्री आलेला मेसेज बुधवारी काढायला गेलात तर तो पर्यायच दिसणार नाही.

मेसेज गेला म्हणजे जागा कोरी होत नाही. तिथे राखाडी अक्षरांत एक ओळ उरते: हा मेसेज अ‍ॅडमिननं काढला, आणि अ‍ॅडमिनचं नाव. आमच्या ग्रुपात अ‍ॅडमिन तिघं आहेत, तरी नाव माझंच दिसलं. गुपचूप उडवण्याची सोय नाही, हे गृहीत धरूनच हात लावा. काकांनाही ती ओळ दिसली आणि पाचव्या मिनिटाला फोन आला, "अगं, मला आधी सांगायचं तरी!" बरोबरच होतं त्यांचं. आता मी आधी एक ओळ खाजगीत पाठवते, "काका, नंबर आहेत म्हणून काढतेय," आणि मग काढते.

यादी गेली असं वाटलं, पण वर स्क्रोल केल्यावर खरा घोळ कळला. एका वहिनींनी त्या मेसेजला धरून "आमची वर्गणी परवाच दिली" असं उत्तर दिलं होतं. मूळ मेसेज काढला तरी उत्तरात चिकटलेला त्याचा तुकडा तसाच राहतो, आणि त्या तुकड्यात यादीची पहिली नावं होती. त्यामुळे ते उत्तरही काढावं लागलं. दुसऱ्या एकीनं यादी महिला मंडळाच्या ग्रुपात फॉरवर्ड केली होती. तिथे मी नुसती सदस्य, त्यामुळे माझा हात तिथे पोहोचत नव्हता. तिथल्या अ‍ॅडमिनला फोन करून सांगावं लागलं.

असं होण्याचं कारण समजून घ्या. मेसेज एका जागी साठलेला नसतो, तो प्रत्येकाच्या फोनवर असतो. तुम्ही काढता तेव्हा त्या सगळ्या फोनांना "हा पुसा" असा निरोप जातो. फोन बंद असेल तर तो चालू झाल्यावर निरोप पोहोचतो, तोवर जुना मेसेज तिथे असतो. एखाद्याचं अ‍ॅप जुनं असेल तर पुसलं न जाण्याचीही शक्यता असते, आणि तुम्हाला ते कळवलं जात नाही. फोटो असेल तर आयफोनवाल्यांच्या `Photos`मध्ये सेव्ह झालेली प्रत राहू शकते. अँड्रॉइडवर कुणी नोटिफिकेशन हिस्टरी चालू ठेवली असेल तर मजकूर तिथे वाचता येतो. स्क्रीनशॉटबद्दल तर बोलायलाच नको. म्हणून खात्री करायची असेल तर दोन सदस्यांना विचारा, "तुमच्याकडे काय दिसतंय?"

एक क्रम मात्र चुकवू नका. कुणाला ग्रुपमधून काढायचंच असेल तर आधी मेसेज काढा, मग माणूस. सदस्य काढल्यानं त्याचे जुने मेसेज जात नाहीत, आणि बाहेर पडलेल्याच्या फोनपर्यंत नंतरचा "पुसा" पोहोचत नाही.

मेसेज येण्याआधी अडवण्याची ताकद या सोयीत नाहीच. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं एका प्रकरणात हेच कारण धरलं होतं: अ‍ॅडमिन मजकूर आधी तपासू शकत नाही, म्हणून समान हेतू दिसल्याशिवाय सदस्याच्या मेसेजसाठी त्याला गुन्हेगार ठरवता येणार नाही. मेसेज काढायची सोय 2022 मध्ये आली, तीही मेसेज पडल्यानंतरचीच. आधी अडवायचं असेल तर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील अशी ग्रुपची सेटिंग करावी लागते. आम्ही आता वर्गणीच्या आठवड्यात तसंच करतो, आणि काका यादी आधी मला पाठवतात.