अकरा महिन्यांचं रेंट अ‍ॅग्रीमेंट: शेवटची तारीख काढताना या चुका टाळा

१५ जून २०२५ ला सुरू झालेलं अ‍ॅग्रीमेंट १५ मे २०२६ ला संपतं असं दहातले नऊ जण सांगतात. नाही हो, १४ मे ला संपतं! सुरुवातीचा दिवस मोजणीत धरलेला असतो, म्हणून अकरा महिने पुढे जायचं आणि एक दिवस मागे यायचं.

एका दिवसाने काय होतंय असं वाटत असेल तर माझ्या मित्राचं ऐका. पुण्यात भाड्याने राहायचा, तारखा ह्याच. घर सोडायचं किंवा पुढे चालू ठेवायचं तर मुदत संपायच्या एक महिना आधी लेखी कळवायचं, नाहीतर एका महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापणार असं कलम होतं. हा १५ मे धरून बसला आणि १५ एप्रिलला मेसेज केला. मालकाने पान उघडून दाखवलं, मुदत १४ मे, म्हणजे कळवायची शेवटची तारीख १४ एप्रिल. पैसे गेले, आणि कागद मालकाच्याच बाजूने होता त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. मी स्वतः त्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीच कळवून टाकतो, लेखीच, फोनवरचं बोलणं कोणी धरत नाही.

दुसरी चूक, चुकीच्या तारखेपासून मोजणं. अ‍ॅग्रीमेंटवर सही केल्याची तारीख वेगळी, रजिस्ट्रेशनची वेगळी आणि मुदत सुरू व्हायची वेगळी असते. मोजायचं ते फक्त मुदतीच्या कलमातल्या तारखेपासून, आणि तिथे शेवटची तारीख छापलेली असेल तर तीही ताडून बघा, सही करायच्या आधी, नंतर नाही.

अकरा गुणिले तीस म्हणजे ३३० दिवस हा शॉर्टकट तर कृपा करून सोडा. वरच्या उदाहरणात तो १० मे देतो, चार दिवस कमी. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना.

एक्सेलवाल्यांनी `=EDATE(A1,11)-1` वापरावं, पण ३१ मार्चला सुरुवात असेल तर ते २७ फेब्रुवारी दाखवतं, कारण ३१ फेब्रुवारी नसल्यामुळे ते आधीच २८ वर आलेलं असतं आणि वर एक दिवस वजा होतो. तिथे महिनाअखेर, २८ फेब्रुवारी धरा. १ एप्रिलला सुरू झालेलंही २८ लाच संपतं, लीप वर्षात दोन्ही २९ ला.

आणि रिन्यू म्हणजे जुन्यावर तारीख वाढवणं नाही, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स नव्याने करून पुन्हा रजिस्टर करावं लागतं. नवीन मुदत १५ मे पासून लिहा, १४ किंवा १६ नको. ऑनलाइन रजिस्ट्रेशनला दोघांचे अंगठे लागतात, आणि वयस्कर मालकांचे ठसे मशीनवर पटकन उमटत नाहीत, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. नवीन अ‍ॅग्रीमेंट न करता मालकाच्या मर्जीविरुद्ध १४ मे नंतर राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागता येते.