शब्द वेगळे, चाल वेगळी: लहानपणीचं बडबडगीत कसं ओळखाल?

डोक्यात एकच ओळ उरलेली असते, ‘निंबोणीच्या झाडामागे’. शोधल्यावर समोर येते ती सुमन कल्याणपूर यांनी गायलेली, ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या 1977 च्या चित्रपटातली अंगाई. पण तुम्हाला आठवतं ते जरा उड्या मारत म्हटलेलं, तुपारोटीचं काहीतरी असलेलं गाणं. अशा वेळी कसं शोधायचं, ते याच उदाहरणावर पाहू.

आधी रेकॉर्ड करा, मग शोधा. आठवतंय तसं, अडखळत का होईना, फोनवर दोनदा म्हणून ठेवा. विसरलेल्या जागी ‘ला ला’ म्हणा, ओळ गाळू नका. हे शोधण्याआधीच करायचं, कारण दुसऱ्याची नीटनेटकी आवृत्ती एकदा कानावर पडली की ती आपल्याच आठवणीच्या जागी जाऊन बसते. मग मुळात घरी काय म्हणायचे, हे सांगता येत नाही.

यमकाच्या जोड्या काढा. गाणं गावोगाव फिरताना ओळीची सुरुवात आणि मधला भाग सहज बदलतो. कुठे चांदोबा असतो, कुठे चांदोमामा. निंबोणीची लिंबोणी होते, झाडामागेचं झाडाखाली होतं. ओळीच्या शेवटचं यमक मात्र सहसा टिकतं, कारण एक शब्द बदलला तर जोडीदारही बदलावा लागतो आणि मुलं लगेच अडखळतात. आपल्या गाण्यात ‘भागलास का – लपलास का’, ‘करवंदी – चिरेबंदी’, ‘येऊन जा – खाऊन जा’, ‘माशी – उपाशी’ अशा जोड्या आहेत. चित्रपटातल्या अंगाईचा मुखडा ‘बाई – नाही’ या यमकावर आहे. झाड तेच, पण जोडी वेगळी, म्हणजे गाणंही वेगळं. एवढ्यावर अर्धा गोंधळ मिटतो.

शोधतानाही पहिली ओळ टाकण्याऐवजी यमकाची जोडी टाका, म्हणजे ‘चिरेबंदी करवंदी चांदोबा’ असं काहीतरी. ‘निंबोणी’ आणि ‘लिंबोणी’ दोन्ही लिहून पाहा. जमल्यास रोमन लिपीतही पाहा, बरेच जण गाणी तशीच टंकतात.

टाळ्या मोजा. ‘चांदोबा / चांदोबा / भागलास / का’ या ओळीला चार टाळ्या पडतात. ‘निंबोणीच्या / झाडामागे / लपलास / का’ हिलाही चारच. ‘चांदोबा’च्या जागी ‘चांदोमामा’ घातलं तरी एक अक्षर वाढतं, टाळी वाढत नाही. तेव्हा हा फरक निव्वळ स्थानिक. पण मध्येच टाळ्यांचा हिशेब बिघडला, यमकही बदललं आणि चंद्राचा विषयच सुटला, तर बहुधा दोन गाणी आठवणीत चिकटली आहेत. तिथे कापा आणि दोन्ही तुकडे वेगळे शोधा.

चालीचा चढउतार लिहा. नेमके सूर ओळखता येत नसले तरी चालतं. प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तिथेच राहिला, एवढंच लिहा. ‘ट्विंकल ट्विंकल’ची सुरुवात सा सा प प ध ध प अशी आहे. पहिल्या सुरानंतर ती ‘तसाच, चढ, तसाच, चढ, तसाच, उतार’ अशी लिहिता येते. कुणी पट्टी बदलून गायलं तरी हा आराखडा तोच राहतो.

पण चालीवर फार विसंबू नका. ‘ट्विंकल’चीच चाल इंग्रजी मुळाक्षरांच्या गाण्याला आहे. ही फ्रेंच चाल 1761 मध्ये छापलेली आढळते आणि जेन टेलरची ती कविता थेट 1806 ची आहे. चाल एका गाण्याकडून दुसऱ्याकडे आरामात जाते. शिवाय चांदोबासारखी गाणी दोन-तीन सुरांतच म्हटली जातात, तिथे चढउतार फारसं काही सांगत नाही. गुणगुणून गाणं शोधून देणारी सोयही शक्यतो रेकॉर्ड झालेली आवृत्तीच दाखवते.

माणसांना विचारताना ओळ पुरवू नका. ‘तुम्ही चांदोबा भागलास का म्हणायचात ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी ‘आजी, चंद्र दाखवताना तुम्ही काय म्हणायचात?’ असं विचारा. नाहीच आठवलं तर अर्धी ओळ म्हणून थांबा. ‘तुपात पडली…’ एवढ्यावर पुढचा शब्द आपसूक आला, तर तो पुरावा पक्का. दोन बहिणींचं उत्तर जुळलं तर तो एकच साक्षीदार समजा, कारण दोघींनी ते एकाच घरात ऐकलेलं असतं. दुसऱ्या गावात वाढलेलं माणूस गाठा.

यमकाच्या निदान दोन जोड्या, टाळ्या आणि घटनांचा क्रम जुळला (चंद्र लपतो, मामाच्या वाड्यात बोलावणं येतं, तुपात माशी पडते, तो उपाशी राहतो), की गाणं सापडलं समजा, मग चाल थोडी वेगळी असली तरी हरकत नाही. छापील प्रत सापडली तरी तिच्यावरून घरचे शब्द ‘दुरुस्त’ करू नका. छापणाऱ्यानेही कुठल्या तरी एका गावचंच ऐकलेलं असतं.