गल्ला जुळला म्हणून निवांत होऊ नका: पीओएस रिपोर्ट बघताना या चुका टाळा

दुकान असो, कॅफे असो, रात्री क्लोजिंगला मालक एकच गोष्ट बघतो. पीओएस म्हणजे बिलिंग सिस्टिमच्या झेड रिपोर्टमध्ये, म्हणजे दिवसअखेरच्या हिशोबात, कॅश किती दाखवतोय आणि गल्ल्यात किती आहे. जुळलं की शटर खाली. आणि मग सहा महिन्यांनी मला फोन येतो की माल संपतोय पण धंदा दिसत नाही, जरा सिस्टिम बघा ना, सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड आहे. सॉफ्टवेअरमध्ये नसते हो गडबड, बहुतेक वेळा त्याच सॉफ्टवेअरने रोज रात्री सगळं लिहून ठेवलेलं असतं, फक्त कुणी वाचलेलं नसतं.

चूक १: गल्ला जुळला म्हणजे चोरी नाही, असं धरून चालणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्तच लिहितो.

गल्ल्यात किती कॅश असायला हवी हे सिस्टिम कशावरून ठरवते? सुरुवातीची सुट्टी रक्कम, अधिक कॅशमध्ये सेटल झालेली बिलं, वजा रिफंड, वजा मधे काढलेले पैसे. आता समजा गिऱ्हाइकाला छापील बिल दिलं, त्याने पूर्ण पैसे कॅशने दिले आणि तो निघून गेला. बिल सिस्टिममध्ये अजून उघडंच आहे. कॅशियरने त्यातला एक आयटम व्हॉइड केला, म्हणजे बिलातून काढून टाकला, किंवा वीस टक्के डिस्काउंट मारला, आणि मग ते कमी रकमेला सेटल केलं. आता सिस्टिमलाच कमी पैसे हवेत. वरचे पैसे खिशात, गल्ला पैशापैशाने बरोबर.

म्हणजे या प्रकारात गल्ला जुळणारच, नाही जुळला तर तो माणूस कच्चा. मी तर उलट म्हणेन, भरपूर गर्दीच्या ठिकाणी रोज, अगदी रोज गल्ला शेवटच्या नाण्यापर्यंत जुळत असेल तर मला जास्त बेचैन वाटतं. माणसं सुट्टे देताना चुकतात, थोडं वर-खाली होतंच. आणि गल्ल्यात वारंवार पैसे जास्त निघत असतील तर "चला, फायदाच झाला" म्हणून सोडू नका, कधीकधी ते बिल न करता घेतलेले पैसे असतात, जे शिफ्ट संपेपर्यंत काढायचे राहून गेलेत.

म्हणून माझी सवय अशी की मी गल्ल्याचा आकडा शेवटी बघतो. आधी व्हॉइड, मग डिस्काउंट, मग रिफंड, मग विक्री नसताना ड्रॉवर किती वेळा उघडला ते. हा क्रम काही शास्त्र नाही, पण गल्ला आधी बघितला आणि तो जुळला की डोकं बाकीचं वाचायलाच तयार होत नाही.

चूक २: व्हॉइडचा एकूण आकडा बघून माणूस पकडायला जाणं

इथे एक किस्सा सांगतो. एका कॅफेच्या मालकाने बोलावलं, त्याचा संशय आधीच पक्का झालेला. आठवड्याच्या व्हॉइड रिपोर्टमध्ये नवीन मुलीच्या नावावर २७ व्हॉइड, जुन्या कॅशियरच्या नावावर १४. "बघा, दुप्पट! हिला काढतोय उद्या." मी म्हटलं थांबा, बिलं किती केली दोघांनी ते तरी बघा. मुलगी दुपारच्या गर्दीला, तिची बिलं ६४०. जुना माणूस रात्री उशिराच्या शिफ्टला, त्याची २३०. म्हणजे तिचा व्हॉइडचा दर साधारण ४.२ टक्के आणि त्याचा ६.१. चित्र तिथेच उलटं झालं, पण एवढ्यावरून कुणाला चोर म्हणता येत नाही, रात्री लोक ऑर्डर जास्त बदलत असतील कोण जाणे.

खरी गोष्ट पुढे आहे. प्रत्येक व्हॉइडच्या शेजारी मी तीन गोष्टी लिहायला लावल्या: बिल छापलं कधी, व्हॉइड झाला कधी, आणि पैसे कशाने आले. मुलीच्या २७ पैकी २५ व्हॉइड बिल छापायच्या आधीचे होते, म्हणजे चुकीचं बटण दाबलं, लगेच काढलं, नवीन माणसाच्या हातून हे होणारच. जुन्या माणसाच्या १४ पैकी ११ बिल छापल्यानंतरचे, दहा-पंधरा मिनिटांनी केलेले. आणि अकराच्या अकरा कॅश. त्या कॅफेत दहातली जेमतेम चार बिलं कॅशने व्हायची. आता गिऱ्हाइकांचं मन फक्त कॅश देतानाच बदलतं का?

बरं, व्हॉइडला मॅनेजरचा पिन लागायचा. मालक म्हणे मग मॅनेजरने बघूनच दिला असेल ना. रोस्टर आणा म्हटलं. अकरापैकी तीन व्हॉइड मॅनेजरच्या सुट्टीच्या दिवशीचे, त्याच्याच पिनने! पिन सगळ्यांना पाठ होता, कारण गर्दीत सारखं मॅनेजरला कोण बोलावणार. हा जो "काम पटकन व्हावं" म्हणून केलेला शॉर्टकट आहे ना, याचा मला खरंच राग येतो, कारण यामुळे रिपोर्टमधली "कोणी मंजूर केलं" ही अख्खी कॉलम वाया जाते. पिन बदला, ज्याचा त्याला द्या, आणि जमत असेल तर कार्ड किंवा बोटाचा ठसा लावा. तोंडी सांगता येणारा पिन सांगितला जातोच.

मग सीसीटीव्ही. इथे मालकाने घाई केली, व्हॉइडची वेळ टाकून फुटेज लावलं तर काउंटरवर कोणीच नाही, "पकडला!" पण डीव्हीआरचं घड्याळ पीओएसपेक्षा सहा मिनिटं पुढे होतं, म्हणजे आम्ही भलतंच काहीतरी बघत होतो. पीओएसमध्ये दिवसाचं पहिलं बिल किती वाजता छापलं ते घ्यायचं, फुटेजमध्ये प्रिंटरमधून कागद निघताना शोधायचा, दोन वेळांतला फरक कागदावर लिहून ठेवायचा, मग पुढचं. ही पाच मिनिटं कुणालाच द्यायची नसतात. वेळ जुळवून परत बघितलं तर अकरापैकी तीन व्हॉइड अगदी खरे निघाले, गिऱ्हाईक काउंटरवर उभं, वस्तू परत देतंय. उरलेल्या आठांमध्ये गिऱ्हाईक पैसे देऊन केव्हाच गेलेलं आणि काढलेला आयटम किचनने बनवून दिलेला, केओटीवर, म्हणजे किचनला गेलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, तसं दिसत होतं. आठही वेळा बिलातला सगळ्यात महाग आयटम काढलेला.

ते तीन खरे व्हॉइड लक्षात ठेवा. फक्त रिपोर्ट दाखवून त्या माणसासमोर अकराचा आकडा आपटला असता तर त्याने हेच तीन दाखवून मालकाला गप्प केलं असतं. रिपोर्ट कुठे बघायचं ते सांगतो, चोरी झाली हे त्याला सिद्ध करता येत नाही. पुरावा म्हणजे बिल, केओटी, रोस्टर आणि फुटेज सगळं एकाच वेळेला एकच गोष्ट सांगायला हवं, आणि तोवर स्टाफमध्ये कुणाकडे एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून व्हॉइड बंद आणि तुमच्या हातात काही नाही.

चूक ३: डिस्काउंट रिपोर्टमध्ये फक्त टक्के बघणं

दिवसाचा डिस्काउंट विक्रीच्या तीन टक्के, ठीक आहे, पुढे चला. नाही ठीक! डिस्काउंटला पण तीच कसोटी: बिल छापल्यानंतर लागला का, कॅशवरच का, आणि एकाच माणसाच्या हातून का. खरं कूपन असलेलं गिऱ्हाईक बिल हातात पडायच्या आधी नाहीतर पडल्याबरोबर सांगतं, वीस मिनिटांनी नाही. स्टाफ डिस्काउंट असेल तर आणखी सोपं, त्या वेळी ड्युटीवर होतं कोण आणि किती जणांनी खरेदी केली हे मोजता येतं. कामावर चार जण आणि स्टाफ डिस्काउंटची बिलं पंधरा असतील तर विचारायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र यातून दिसत नाही. ओळखीच्या माणसाला खरंच डिस्काउंट दिला तर गिऱ्हाइकाने कमीच पैसे दिले, कॅशियरच्या खिशात काहीच नाही, आणि ते कार्डवर सुद्धा होतं. तिथे वेळेचा फरक उपयोगाचा नाही, तिथे एकच कार्ड किंवा एकच लॉयल्टी नंबर त्याच कॅशियरकडे परत परत येतोय का ते बघावं लागतं. आणि लॉयल्टीवरून आठवलं, ज्यांनी नंबर दिला नाही अशा गिऱ्हाइकांचे पॉइंट कॅशियर स्वतःच्या नंबरवर टाकतात, एका नंबरवर दिवसात दहा खरेद्या दिसल्या तर ते गिऱ्हाईक नाही.

बाकीच्या, थोडक्यात

कारणाच्या यादीत "इतर" ठेवू नका. ठेवलंत तर महिनाअखेर सगळीच कारणं "इतर" असतील.

महिन्याचा रिपोर्ट एकदम बघू नका. फुटेज काही आठवड्यांत पुसलं जातं, आणि केओटीची चिठ्ठी तर त्याआधीच कचऱ्यात गेलेली असते.

व्हॉइड रिपोर्ट रिकामा आहे म्हणून खूश होऊ नका. काही सिस्टिममध्ये सेव्ह न करता स्क्रीनवरून पुसलेली ऑर्डर व्हॉइडमध्ये येतच नाही, ती वेगळ्या लॉगमध्ये असते. तुमच्याकडे कुठे दिसते हे व्हेंडरला विचारून घ्या, आणि स्वतः एक खोटी ऑर्डर टाकून पुसून बघा, व्हेंडर "सगळं दिसतं सर" असंच म्हणतो.

एका बिलावरून दुसऱ्या बिलावर आयटम हलवण्याचा रिपोर्ट असेल तर तो उघडा. तीच एक वस्तू रात्रभर या बिलावरून त्या बिलावर फिरते, पैसे प्रत्येक गिऱ्हाइकाकडून घेतले जातात, बिल मात्र एकदाच सेटल होतं, आणि यात व्हॉइड एकही नसतो.

नवीन लोक नेहमी विचारतात की असं काही ॲप नाही का जे लाल दिवा लावेल. आहेत, अलर्ट पाठवणाऱ्या सिस्टिम आहेत, आणि पहिल्या आठवड्यात अलर्ट एवढे येतात की दुसऱ्या आठवड्यात लोक ते म्यूट करतात. आधी महिनाभर हाताने बघा, तुमच्याकडे साधारण व्हॉइड किती होतात ते प्रत्येक शिफ्टचं वेगळं काढा, मग तो आकडा अलर्टमध्ये टाका.

आणि ट्रेनिंग मोड. नवीन माणसाला शिकवायला चालू केलेला ट्रेनिंग मोड बऱ्याच ठिकाणी नंतर चालूच राहतो किंवा कुणालाही चालू करता येतो. त्यात केलेलं बिल छापलं जातं पण विक्रीत धरलं जात नाही, कुठे त्यावर "ट्रेनिंग" असं बारीक छापतात आणि गिऱ्हाईक ते वाचत नाही. हा मोड कोण चालू करू शकतं ते सेटिंगमध्ये आज रात्रीच बघा.